कार्बॉनिक अॅनहायड्रेज: जस्ताला धरून बसलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे CO₂ आणि पाण्यापासून बायकार्बोनेट होण्याची अभिक्रिया वेगवान करणारं विकर. त्याचे शरीरात अनेक प्रकार आहेत आणि वनस्पती, जिवाणू, शेवाळांत तर त्याची वेगळी घराणीच आहेत. इथली बहुतेक उत्तरं माणसाच्या तांबड्या रक्तपेशींतल्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. त्याचा अभ्यास सगळ्यात खोलवर झाला आहे आणि तो सगळ्यात वेगवानांपैकी एक आहे.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. मग त्यासाठी विकर कशाला हवं?

विरघळणं आणि पाण्याशी अभिक्रिया होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरघळलेला CO₂ पाण्यात बराच काळ CO₂ म्हणूनच राहतो. त्याचं बायकार्बोनेट व्हायला वेळ लागतो. २५ अंश सेल्सिअसला विरघळलेल्या रेणूंपैकी निम्मे बदलायला साधारण १८ सेकंद जातात आणि शरीराच्या तापमानाला साडेचार-पाच सेकंद.

पाच सेकंद म्हणजे फार नव्हे असं वाटेल, पण रक्ताकडे तेवढा वेळ नसतो. केशवाहिनीतून रक्त साधारण पाऊण ते एका सेकंदात पुढे सरकतं. ३७ अंशांना या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक सेकंदाला सुमारे ०.१५ आहे. पाऊण सेकंदाचा हिशोब मांडला, तर रक्तात शिरलेल्या CO₂ पैकी जेमतेम दहा-अकरा टक्केच बदललेला असेल. फुप्फुसात हाच प्रवास उलटा व्हावा लागतो: बायकार्बोनेटपासून CO₂ तयार होऊन तेवढ्याच वेळात श्वासावाटे बाहेर पडायला हवा. रक्तातला बहुतेक CO₂ बायकार्बोनेटच्या रूपातच वाहून नेला जातो, त्यामुळे हे गणित न बसून चालत नाही. ते न बसण्यातूनच केंब्रिजमध्ये शंका आली की रक्तात काहीतरी उत्प्रेरक असणार. १९३३ साली मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी तो वेगळा काढून दाखवला.

अभिक्रियेत कार्बॉनिक आम्ल तयार होतं ना? शाळेच्या पुस्तकात तसंच आहे.

विकराशिवायच्या मंद मार्गात हो. पाण्याचा रेणू CO₂ वर जातो, कार्बॉनिक आम्ल बनतं आणि ते लगेच प्रोटॉन सोडून बायकार्बोनेट होतं. विकराच्या मार्गात मात्र कार्बॉनिक आम्लाचा टप्पा लागत नाही, थेट बायकार्बोनेट तयार होतं. एकूण बेरीज अशी:

```
CO2 + H2O  ⇌  HCO3-  +  H+
```

या समीकरणातल्या शेवटच्या H⁺ कडे लक्ष असू द्या. दिसायला ते किरकोळ आहे, पण या विकराची सगळ्यात मोठी अडचण तेच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जस्त नेमकं कुठे असतं आणि त्याला कोणी धरलेलं असतं?

प्रथिनाच्या एका बाजूला शंकूसारखा खोलगट भाग आहे, साधारण दीड नॅनोमीटर खोल. त्याच्या तळाशी जस्ताचा एकच आयन बसलेला असतो. त्याला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे तीन घटक धरून ठेवतात, प्रथिनाच्या साखळीतले क्रमांक ९४, ९६ आणि ११९. चौथी जागा पाण्याच्या रेणूची असते. चारही जोडीदार जस्ताभोवती चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असावेत तसे असतात.

ही पकड फार घट्ट आहे. शुद्ध केलेल्या विकरातून जस्त नुसतं धुऊन निघत नाही. त्यासाठी डायपिकोलिनिक आम्लासारखा, धातूला कवेत घेणारा रेणू वापरावा लागतो. या विकरात जस्त आहे हे कायलिन आणि मान यांनी १९४० मध्ये दाखवलं. विकराच्या कामासाठी जस्त लागतं हे पहिल्यांदा कळलं ते याच उदाहरणातून.

जस्त CO₂ ला पकडतं आणि मग पाणी त्याच्यावर येतं, असंच ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: जस्त CO₂ ला बांधत नाही, पाण्याला बांधतं. CO₂ शेजारी, तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांनी वेढलेल्या एका खळग्यात सैलसर येऊन थांबतो. त्या खळग्यात व्हॅलिन १२१ आणि १४३, ल्युसिन १९८ आणि ट्रिप्टोफॅन २०९ आहेत. दाबाखाली CO₂ भरलेल्या स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांत तो तिथे प्रत्यक्ष दिसला आहे. जस्तापासून तो तीनेक अँगस्ट्रॉमवर असतो, पण त्याला बांधलेला नसतो.

CO₂ मधला कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला आहे. त्याला गरज आहे ती इलेक्ट्रॉन देणाऱ्या ऑक्सिजनची. साध्या पाण्याचा ऑक्सिजन हे काम फार निरुत्साहाने करतो. हायड्रॉक्साइड, म्हणजे एक प्रोटॉन गमावलेलं पाणी, ते जोमाने करतं. अडचण अशी की उदासीन द्रावणात हायड्रॉक्साइड जवळजवळ नसतंच. सामू ७.२ असताना लिटरमध्ये मोलच्या एक कोटीव्या भागाच्या दीडपट इतकंच. जस्ताचं काम आहे ते उदासीन सामूलाच हायड्रॉक्साइड तयार ठेवण्याचं.

जस्ताला बांधल्यावर पाणी प्रोटॉन सोडायला तयार का होतं?

जस्तावर दोन धन प्रभार आहेत. पाण्याचा ऑक्सिजन त्याच्या बाजूला झुकतो, आपले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकवतो, त्यामुळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सैल होतो. प्रोटॉन निघून गेल्यावर जो ऋण प्रभार उरतो, तोही जस्ताच्या धन प्रभारामुळे सांभाळला जातो. म्हणजे जाणं सोपं आणि उरणंही सुखाचं.

किती सोपं, ते पीकेए या आकड्यातून कळतं. ज्या सामूला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो, तो पीकेए. मोकळ्या पाण्याचा तो १४ ते १६ च्या घरात, मोजण्याच्या पद्धतीनुसार. पाण्यात विरघळलेल्या जस्ताभोवती सहा पाण्याचे रेणू असतात, त्यांचा साधारण ९. आणि विकरातल्या जस्ताच्या पाण्याचा ६.८ ते ७.

९ वरून ७ वर येण्याने एवढा काय फरक पडतो?

रक्तपेशीच्या आतला सामू साधारण ७.२ धरून हिशोब करू. पीकेए ६.८ असेल तर सामू त्याहून ०.४ ने वर आहे. १० चा ०.४ वा घात सुमारे २.५. म्हणजे प्रत्येक एका पाण्यामागे अडीच हायड्रॉक्साइड, किंवा शंभर विकररेणूंपैकी सुमारे ७१ केव्हाही कामाला तयार. पीकेए ९ असता तर सामू त्याच्या १.८ ने खाली राहिला असता आणि शंभरात दोनही तयार मिळाले नसते. दोन अंकांच्या फरकाने तयार विकराची संख्या चाळीस-पंचेचाळीस पटींनी बदलते.

हा आकडा खाली आणण्यात हिस्टिडिनांचा मोठा वाटा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिन्ही हिस्टिडिन प्रभाररहित असतात. त्यामुळे जस्ताचे दोन्ही धन प्रभार पाण्यावर काम करायला मोकळे राहतात. शिवाय सहाऐवजी चारच जोडीदार असल्याने प्रत्येकावरची ओढ वाढते. एखाद्या हिस्टिडिनच्या जागी ऋण प्रभाराचं अॅस्पार्टेट बसवून पाहिलं गेलं आहे. तसं केल्यावर जस्ताच्या पाण्याचा पीकेए दोनाहून जास्त अंकांनी वर चढतो आणि जस्ताची पकडही खूप सैल होते. धातू तोच, पण त्याला धरणारे बदलले की पाणी बदलतं.

प्रोटॉन सहज सोडणारं पाणी म्हणजे निबल हायड्रॉक्साइड. मग ते इतकं चपळ कसं?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. जितकं आम्लधर्मी पाणी, तितका त्याचा हायड्रॉक्साइड कमी आधाशी. जस्ताचं हायड्रॉक्साइड मोकळ्या हायड्रॉक्साइडपेक्षा नक्कीच निबल आहे. तरीही मोकळ्या हायड्रॉक्साइडचा CO₂ बरोबरचा वेग-स्थिरांक २५ अंशांना सुमारे ८,५०० येतो, आणि विकराचा त्याच एककात १० कोटींच्या वर जातो. फरक दहा हजार पटींहून जास्त आहे.

हा फरक पीकेएने समजावता येत नाही. त्याचं उत्तर जागेत आणि दिशेत आहे. मोकळ्या हायड्रॉक्साइडभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात, ते बाजूला झाल्याशिवाय त्याला CO₂ पर्यंत पोचता येत नाही. जस्ताच्या हायड्रॉक्साइडला ती अडचण फारशी नसते. त्याचा एकुलता हायड्रोजन थ्रिओनिन १९९ कडे वळलेला असतो, आणि ते थ्रिओनिन ग्लुटामेट १०६ ने जागेवर धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरचे मोकळे इलेक्ट्रॉन बरोबर त्या तेलकट खळग्याकडे, म्हणजे CO₂ च्या कार्बनकडे तोंड करून राहतात. थ्रिओनिन १९९ च्या जागी अॅलनिन घातलं की वेग सुमारे शंभर पटींनी घसरतो. जस्त तिथेच असतं, हायड्रॉक्साइडही असतं, फक्त त्याची दिशा सुटलेली असते.

हल्ला झाल्यावर पुढे काय?

बायकार्बोनेट क्षणभर जस्ताला चिकटून राहतं. तेवढ्यात पाण्याचा नवा रेणू जस्तापाशी येतो, जस्त थोडा वेळ पाच जोडीदार सहन करतं आणि बायकार्बोनेट निसटतं. टप्पे असे, E म्हणजे विकर:

```
1)  E-Zn-OH-  +  CO2   ⇌  E-Zn-HCO3-
2)  E-Zn-HCO3- +  H2O  ⇌  E-Zn-H2O  +  HCO3-
3)  E-Zn-H2O           ⇌  E-Zn-OH-  +  H+
```

दुसऱ्या टप्प्यानंतर माल बाहेर पडला, पण विकर अजून मोकळं झालेलं नाही. जस्तावर आता हायड्रॉक्साइड नाही, साधं पाणी आहे. पुढचा CO₂ आला तरी त्याला देण्यासारखं काही नाही. तिसरा टप्पा होईपर्यंत थांबावं लागतं.

मग खरा वेळ कुठे जातो?

तिसऱ्या टप्प्यात. माझ्या मते या विकराची सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

पुरेसा CO₂ असेल तर या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख CO₂ बदलतो. म्हणजे त्याला सेकंदाला दहा लाख प्रोटॉनही बाहेर टाकावे लागतात. आता हे शक्य आहे का ते पाहू. पीकेए ७ असलेलं आम्ल आपला प्रोटॉन नुसत्या पाण्याला देत असेल, तर परत येणारा प्रोटॉन आदळण्याचा वेग फार तर १० चा अकरावा घात असू शकतो. रेणू द्रावणात त्याहून वेगाने एकमेकांना भेटूच शकत नाहीत. जाण्याचा आणि येण्याचा वेग यांचं गुणोत्तर पीकेएने ठरतं, १० चा उणे सातवा घात. दोन्हींचा गुणाकार केला की सुटण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त दहा हजार. प्रत्यक्षात मात्र मोजलेला वेग दहा लाख. शंभर पटींची तफावत.

काही काळ ही तफावत यंत्रणेवरच शंका घेण्याइतकी मोठी वाटत होती. तिचं उत्तर असं निघालं की प्रोटॉन पाण्याला दिला जातच नाही, तो बफरला, म्हणजे प्रोटॉन घेऊन-देऊन सामू स्थिर ठेवणाऱ्या विरघळलेल्या रेणूंना, दिला जातो. बफरचं प्रमाण फार कमी केलं की विकर मंदावतं, हे प्रयोगात दिसतं. पण बफरचा मोठा रेणू शंकूच्या तळापर्यंत शिरू शकत नाही. मध्ये एक दलाल लागतो, आणि तो आहे हिस्टिडिन ६४. तो शंकूच्या तोंडाजवळ, जस्तापासून साधारण पाऊण नॅनोमीटरवर बसतो. मधल्या जागेत पाण्याचे दोन-तीन रेणू हायड्रोजन बंधांनी साखळीत उभे असतात.

आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा प्रोटॉन या साखळीतून सरकतो. पहिला पाण्याचा रेणू जस्ताकडून एक प्रोटॉन घेतो आणि आपला दुसरा पुढे देतो. शेवटी हिस्टिडिनला मिळतो तो प्रोटॉन जस्ताकडून निघालेलाच असावा लागत नाही. हिस्टिडिन ६४ चा पीकेएही सातच्या आसपास आहे, त्यामुळे घेणं आणि पुढे देणं दोन्ही त्याला सोपं जातं. स्फटिकांत त्याचं वलय कधी आत जस्ताकडे, कधी बाहेर द्रावणाकडे वळलेलं दिसतं.

याचे पुरावे चांगले भक्कम आहेत. १९८९ मध्ये हिस्टिडिन ६४ च्या जागी अॅलनिन बसवलेलं विकर तपासलं गेलं. CO₂ चं बायकार्बोनेट करण्याचं मूळ रसायन फारसं बिघडलं नव्हतं, पण कमाल वेग मात्र अनेक पटींनी घसरला होता. द्रावणात इमिडॅझोल घातल्यावर वेग बराचसा परत आला. इमिडॅझोल म्हणजे हिस्टिडिनच्या टोकाचंच वलय, सुटं. जड पाण्यात हेच विकर चालवलं तर कमाल वेग सुमारे ३.८ पटींनी कमी होतो, कारण ड्युटेरियम सरकायला प्रोटॉनपेक्षा जड आहे. CO₂ कमी असताना, जेव्हा पहिल्या दोन टप्प्यांवर वेग अवलंबून असतो, तेव्हा तो फरक जवळपास दिसत नाही.

निसर्गानेही हा प्रयोग केलेला आहे. स्नायूंमधल्या तिसऱ्या प्रकारात ६४ क्रमांकावर हिस्टिडिन नसून लायसिन आहे आणि १९८ वर फिनाइलअॅलनिन. त्याचा कमाल वेग सेकंदाला दहा हजारांच्या घरातच अडतो.

विकर CO₂ चं बायकार्बोनेटच करतं, मग फुप्फुसात उलटं कसं होतं?

तेच विकर, तेच टप्पे, उलट दिशेने. विकर समतोल कुठे असावा हे ठरवत नाही, फक्त तिथे लवकर पोचवतं. फुप्फुसात CO₂ बाहेर जात असतो, म्हणून अभिक्रिया त्या बाजूला वाहते. तेव्हा हिस्टिडिन ६४ बाहेरून प्रोटॉन आत आणतं.

जस्तच का? तांबं, निकेल किंवा कोबाल्ट चालणार नाही?

जस्त काढलेलं विकर निष्क्रिय असतं, आणि जस्त परत दिलं की पुन्हा चालू होतं. हा प्रयोग करणाऱ्यांनी काचसामान व रसायनं धातुमुक्त करून घेतली नाहीत, तर निष्क्रिय समजलेलं विकर हळूहळू जागं होताना दिसतं. पकड इतकी घट्ट आहे की पाण्यात अशुद्धी म्हणून आलेलं जस्तही ते वेचून घेतं.

रिकाम्या जागी कोबाल्ट घातला तर साधारण निम्मी क्षमता मिळते. त्याचा अभ्यासाला फार उपयोग झाला, कारण जस्ताची संयुगं रंगहीन असतात आणि कोबाल्टची रंगीत. पाण्याचं हायड्रॉक्साइड होताना रंगपट बदलतो, आणि तो बदल वेगाच्या बदलाशी सामूनुसार जुळतो. तांबं आणि निकेल घातल्यास विकर जवळजवळ बंदच राहतं. त्यांना आपापली ठरावीक रचना आवडते. जस्ताच्या बाहेरच्या डी कक्षा पूर्ण भरलेल्या आहेत, म्हणून त्याला चार जोडीदार चालतात आणि गरज पडली की पाचही. शिवाय ते इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करत नाही, त्यामुळे पेशीत नको त्या अभिक्रियांचा धोका राहत नाही.

डायटम नावाच्या एका सूक्ष्म समुद्री शेवाळात मात्र याच कामासाठी कॅडमियम वापरणारं विकर सापडलं आहे. जस्त दुर्मीळ असलेल्या समुद्रात ते सोयीचं पडत असावं.

प्रयोगशाळेत याचा वेग कसा मोजतात आणि कुठे चूक होते?

जुनी आणि अजून चालणारी पद्धत विल्बर आणि अँडरसन यांची, १९४८ ची. बर्फात ठेवलेल्या बफरमध्ये CO₂ ने भरलेलं थंडगार पाणी ओततात आणि सामू ८.३ वरून ६.३ वर यायला किती सेकंद लागतात ते पाहतात. समजा विकराशिवाय ८० सेकंद लागले आणि विकर घातल्यावर २०. तर (८० − २०) ÷ २० = ३ एककं.

थंडी इथे अत्यावश्यक आहे. खोलीच्या तापमानाला विकराशिवायची अभिक्रियाही इतकी लवकर होते की फरक पकडणं अवघड जातं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे CO₂ चं पाणी उघडं राहून त्यातला वायू उडून जाणं. विकराशिवायच्या कोऱ्या चाचणीचा वेळ दिवसभरात वाढत गेला, तर दोष तिथे शोधावा. सामू खरोखर याच विकरामुळे पडतो आहे का हे पाहायचं असेल, तर हे विकर बंद पाडणारं औषध, अॅसिटाझोलामाइड, घालून चाचणी पुन्हा करावी. वेळ कोऱ्या चाचणीइतका परत आला तर काम या विकराचं होतं. नमुन्यातल्या आम्लामुळे सामू पडत असेल तर अॅसिटाझोलामाइडने काहीच फरक पडणार नाही.

पिकांतल्या झिंकच्या कमतरतेशी याचा संबंध आहे का?

आहे. वनस्पतींच्या पानांत हे विकर भरपूर असतं, पण ते वेगळ्या घराण्याचं. तिथे जस्ताला बहुधा दोन सिस्टिन आणि एक हिस्टिडिन धरतात. पिकाला जस्त कमी पडलं की पानांतली या विकराची क्षमता घटते, आणि पानातलं एकूण जस्त मोजण्यापेक्षा ही क्षमता मोजणं कधीकधी जास्त खरं चित्र देतं, कारण पानात असलेलं सगळंच जस्त वापरात असतं असं नाही. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त जमिनींत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो.

अॅसिटाझोलामाइड हे विकर कसं बंद पाडतं?

ते पाण्याची जागा बळकावतं. या औषधाच्या टोकाला सल्फोनामाइड गट आहे. त्यातला नायट्रोजन एक प्रोटॉन सोडून ऋण प्रभाराने थेट जस्ताला बांधला जातो, हायड्रॉक्साइड असतं त्याच जागी. नायट्रोजनवर उरलेला हायड्रोजन थ्रिओनिन १९९ कडे वळतो, म्हणजे हायड्रॉक्साइडने जोडलेला बंधही हे औषध हुबेहूब जोडतं. सायनाइड आणि अझाइडसारखे ऋण आयनही याच कारणाने या विकराला अडवतात, पण इतक्या नेमकेपणाने जागा जुळलेली नसल्याने त्यांची पकड सैल असते.

शरीरात हे विकर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून औषधाचा परिणाम दिसायला ते जवळजवळ पूर्ण, ९९ टक्क्यांहून जास्त अडवावं लागतं. डोळ्याच्या आतला द्रव तयार होण्याचा वेग त्याने कमी होतो, म्हणून काचबिंदूत ते देतात. मूत्रपिंडात बायकार्बोनेट परत शोषलं जात नाही, ते लघवीतून जातं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे श्वास वाढतो. लेहसारख्या उंचीवर जाणाऱ्यांना डॉक्टर ते लिहून देतात ते या वाढलेल्या श्वासासाठीच.